फराळाच्या डब्यावरची चिठ्ठी

२०२५च्या दिवाळीआधी आठ-दहा दिवस इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतणीने मला एक छोटा इंग्रजी मजकूर पाठवला. शेजारच्या चार घरी फराळाचे डबे द्यायचे, प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लावायची, आणि त्या चिठ्ठीत दिवाळी म्हणजे काय ते सांगायचे, असा तिचा बेत होता. "आत्या, इंग्रजी बघू नकोस, ते मी बघेन. मजकूर बरोबर आहे का, एवढंच सांग," असे तिने बजावले होते.

मजकूर चार वाक्यांचा होता. दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे. चौदा वर्षांचा वनवास संपवून राम अयोध्येला परतले तेव्हा प्रजेने दिवे लावले. वाईटावर चांगल्याचा विजय म्हणून भारतभर हा सण पाच दिवस साजरा होतो. सोबत थोडी मिठाई, शुभ दिवाळी.

यातले एकही वाक्य चूक म्हणता येणार नाही. तरीही वाचून मी अडखळले, कारण माझ्या भावाच्या घरातली दिवाळी त्यात कुठेच नव्हती. ही चिठ्ठी कुठल्याही प्रांतातले, कुठलेही भारतीय कुटुंब लिहू शकले असते. फोनवर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या मुलाला शाळेत दिवाळीची गोष्ट म्हणून रामसीतेची गोष्ट शिकवली होती आणि त्याने घरी येऊन विचारले होते, "मग आपण दिवाळीला रामाची पूजा का करत नाही?" तिला उत्तर देता आले नव्हते. चिठ्ठीचा प्रश्न खरा तिथून सुरू होत होता. शेजाऱ्यांना दिवाळी समजावून सांगताना आपण कोणती दिवाळी सांगतो, हे त्या मुलालाही कळणार होते.

हा प्रश्न मला नवा नव्हता. सुरतेत आम्हा मराठी घरांना तो दरवर्षी पडतो, फक्त चिठ्ठी लिहावी लागत नाही. लिंबायत-उधन्याच्या बाजूला खानदेशातून आलेली कामगार कुटुंबे असोत किंवा शहरातली जुनी मराठी घरे असोत, फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारच्या गुजराती घरी जाते आणि उंबरठ्यावरच बोलणे होते. ताट घेणारी बहेन रुमाल उचलते आणि "आ शुं छे?" म्हणून विचारते. आपण सांगतो. तिला न कळलेले ती पुन्हा विचारते, आपण वेगळ्या शब्दांत सांगतो. परदेशातली चिठ्ठी ही या उंबरठ्यावरच्या बोलण्याची जागा घेते. फरक एवढाच, की चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मनात कोणते प्रश्न येतील ते लिहिणाऱ्यानेच आधी ओळखावे लागते. त्याला प्रथम विचारायचे असते ते असे: यात काय आहे, हे कधी आणि कसे खायचे, आणि आज तुमच्या घरी चालले आहे तरी काय? वाईटावर चांगल्याचा विजय हे यांपैकी कशाचेच उत्तर नाही.

सुरतेत गुजराती शेजाऱ्यांना दिवाळी सांगायची गरजच काय, असे कोणाला वाटेल. पण सण एक असला की शब्द फसवतात. काही शब्दांना तयार जोड मिळते: करंजीला घूघरा म्हटले, शंकरपाळ्याला शक्करपारा म्हटले, चकलीला चकरी म्हटले की काम होते. काही शब्दांना जोडच नाही. अनारसे म्हणजे काय हे सांगायला तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून सुरुवात करावी लागते. आणि काही शब्द दिसायला सारखे, पण वेगळीच गोष्ट दाखवणारे. पाडवा म्हटले की आमच्या मनात पतीला ओवाळणे येते. पण 'पडवो' ऐकताच अस्सल सुरतीला शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा चंदी पडवो आठवतो आणि तोंडात घारीची चव येते. आमचा दिवाळीचा पाडवा त्याच्या लेखी 'बेसतुं वरस', म्हणजे विक्रम संवताचा पहिला दिवस. तो आम्हाला 'साल मुबारक' म्हणतो आणि आमचे वर्ष चैत्रात सुरू होते हे ऐकून दरवर्षी नव्याने चकित होतो. नरक चतुर्दशी हा आमच्या अभ्यंगस्नानाचा मंगल दिवस. त्याच्याकडे ती काळी चौदश, घरातला 'ककळाट' बाहेर काढण्यासाठी चौकात वडे ठेवून येण्याची.

तारखाही जुळतातच असे नाही. २०२५ साली अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी सुरू झाली आणि २१ला संध्याकाळी संपली. आमच्या गल्लीतल्या गुजराती घरांनी २०ला दिवाळी केली, २१ हा त्यांचा 'धोको', म्हणजे मधला रिकामा दिवस, आणि २२ला नवे वर्ष. मराठी पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ला होते. एकाच जिन्यावर दोन दिवस दोन लक्ष्मीपूजने झाली. इंग्लंडच्या घड्याळाप्रमाणे हीच अमावास्या २१ला दुपारीच संपत होती, त्यामुळे तिथे संध्याकाळचे लक्ष्मीपूजन २०लाच करणे भाग होते. म्हणजे पुतणीच्या घरी पहाटेचे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळचे लक्ष्मीपूजन एकाच सोमवारी येत होते. तेव्हा "भारतभर पाच दिवस" हे वाक्य तिच्या घराला लागूच पडत नव्हते. "येत्या सोमवारी आमची दिवाळी आहे" हे छोटे वाक्य अधिक खरे होते. आणि शेजाऱ्याला हवे असलेलेही तेच होते.

आता गोष्टीचा प्रश्न. राम अयोध्येला परतल्याची कथा उत्तरेकडच्या दिवाळीच्या केंद्रस्थानी आहे आणि पाठ्यपुस्तकांतून, भेटकार्डांतून ती सगळीकडे पोचली आहे. मराठी घरात मात्र दिवाळीच्या प्रत्येक दिवसाची कथा वेगळी आहे. पहाटेच्या स्नानाला नरकासुर आहे, अमावास्येला लक्ष्मी आहे, प्रतिपदेला बळी आहे, द्वितीयेला यम आणि त्याची बहीण यमी आहे. गोव्यात तर नरकासुराचे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. आमच्या घरी स्नानानंतर तुळशीपाशी कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. पुतणीने सांगितले की तिथे कारीट मिळत नाही, म्हणून ती काकडीचा शेंड्याकडचा कडसर तुकडा ठेवते आणि मुलगा तो मोठ्या उत्साहाने चिरडतो. मी म्हटले, "मग त्याला उत्तर मिळालेलंच आहे. त्याच्या पायाला ठाऊक आहे, फक्त कोणी नाव सांगितलेलं नाही."

चांगल्या-वाईटाचे वाक्यही मराठी दिवाळीत नीट बसत नाही. बळीच्या कथेत तीन पावलांत त्याला पाताळात घालणारा वामन हा विष्णूचा अवतार. पण प्रतिपदेला ओवाळताना आपल्या बायका काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. म्हणजे हरलेल्या राजाने परत यावे, अशी इच्छा. १८७३च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी याच बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून वाचले आणि ही ओळ लोकांच्या आठवणीत का टिकली, याचा अर्थ लावला. ज्या सणात हरलेल्याच्या राज्याची वाट पाहतात, त्याचे वर्णन 'चांगल्याचा विजय' एवढ्यावर संपवले, तर मराठी दिवाळीतली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हातातून जाते. अर्थात ही सगळी चर्चा फराळाच्या डब्यावर चिकटवायची नसते. तिथे एकही पुराणकथा नसली तरी चालते. फक्त दुसऱ्याची कथा आपली म्हणून द्यायची नाही, एवढे पथ्य पाळावे. मी तिला सुचवले की कथा गाळ आणि त्या जागी कृती लिही: तुम्ही सोमवारी पहाटे उठून काय काय करता ते. कृती डोळ्यांसमोर उभी राहते, तिला धर्मग्रंथाची ओळख लागत नाही, आणि ती तुमच्याच घरची असते.

यानंतर 'मिठाई' हा शब्द आला. आदल्या वर्षीही तिने डब्यावर 'गोड पदार्थ' असेच लिहिले होते. पलीकडच्या वृद्ध गृहस्थांनी डबा रात्रीच्या जेवणानंतर उघडला आणि आइस्क्रीमबरोबर चकली खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते फार सभ्यपणे म्हणाले की तुमची मिठाई जरा तिखट असते. चूक त्यांची नव्हती. त्यांच्याकडे गोड म्हटले की ते जेवणाच्या शेवटी येते. आपला फराळ सकाळी चहाबरोबर खायचा, आणि त्यात चिवडा, चकली, शेव हा निम्मा भाग तिखटमिठाचा. फराळ हा शब्द 'फलाहारा'वरून आला. उपवासाच्या फराळात तो अर्थ थोडा उरला आहे, दिवाळीच्या फराळात तर तो उलटलाच आहे. अशा शब्दाला परभाषेत एक प्रतिशब्द शोधत बसू नये. शब्द तसाच ठेवावा, 'फराळ' असाच लिहावा, आणि पुढच्या वाक्यात तो केव्हा व कशाबरोबर खातात ते सांगावे. पदार्थांच्या नावांचेही तसेच. "करंजी: खोबऱ्याचे सारण भरलेली, अर्धचंद्राच्या आकाराची तळलेली पुरी" एवढे पुरते. भारतीय अमुक-तमुक अशी उपमा देऊ नये, कारण चकलीला 'भारतीय बिस्किट' म्हटले की खाणारा बिस्किटाची चव शोधू लागतो.

खाण्याच्या पदार्थांच्या चिठ्ठीत आणखी एक भाग असतो. लेखनाच्या दृष्टीने तो नीरस वाटतो, पण चुकला तर अपाय होतो. शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, गहू यांपैकी काहीतरी कोणाला तरी चालत नाही. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू आहेत, चकलीत तीळ आहेत, बेसनाच्या लाडवात तूप आहे, करंजीत मैदा आणि रवा आहे, हे डबा देणाऱ्याला इतके सवयीचे असते की लिहायचे सुचत नाही. पुतणीच्या एका शेजारणीला गव्हातले ग्लूटेन चालत नाही, म्हणून तिच्या डब्यात फक्त चकल्या आणि लाडू घालून वर 'गहू नाही' असे लिहायचे तिने ठरवले होते. भाजणीत तांदूळ आणि डाळी, गहू नाही, हे खरेच. पण मी तिला हिंगाची डबी पाहायला सांगितली. बाजारातल्या पुष्कळ हिंगांत नुसता हिंग नसतो. तो मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो आणि ते डबीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. तिच्या डबीवर ते होते. शिवाय तिने चकल्या त्याच तेलात तळल्या होत्या, ज्यात आधी करंज्या तळल्या होत्या. म्हणजे 'गहू नाही' हे विधान दोनदा खोटे ठरत होते. त्या शेजारणीसाठी तिने बेसनाचे लाडू वेगळ्या कढईत, नवे तूप घेऊन केले आणि चिठ्ठीत फक्त लाडवांत काय आहे तेवढेच लिहिले. ज्याची खात्री नाही ते नाही म्हणून लिहू नये. जे घातले ते सगळे लिहावे, हा नियम इथे उपयोगी पडतो.

राहता राहिले फटाके आणि डबा. इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी आहे; दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत मुभा आहे. पुतणीने पहिल्या खर्ड्यानंतर हे मोठ्या आनंदाने जोडले होते. मला ते खटकले. शेजाऱ्याला आपला हक्क वाचायचा नसतो. त्याच्या घरात कुत्रा आहे, तो आवाजाला घाबरतो, आणि आवाज नेमका किती वाजता सुरू होऊन किती वाजता थांबेल एवढेच त्याला हवे असते. म्हणून कायद्याच्या जागी वेळ आली. डब्याबद्दल आमच्याकडे संकेत आहे की ताट रिकामे परत द्यायचे नाही. सुरतेत आमचे फराळाचे ताट मठिया आणि चोळाफळी घेऊन परत येते. तिथल्या शेजाऱ्याला हा संकेत ठाऊक नसतो. मात्र काहीतरी परत द्यायला हवे का, हा प्रश्न त्यालाही पडतो आणि त्याने तो संकोचतो. एका वाक्यात त्याला मोकळे करावे.

अशा चार-पाच फेऱ्यांनंतर जी चिठ्ठी तयार झाली, तिचा मराठी आशय असा:

"प्रिय शेजारी, येत्या सोमवारी आमची दिवाळी आहे. आम्ही पश्चिम भारतातल्या महाराष्ट्राचे. त्या दिवशी आमच्या घरी सगळे सूर्य उगवायच्या आधी उठतात, अंगाला तेल आणि सुगंधी उटणे लावून आंघोळ करतात, नवे कपडे घालतात आणि मग एकत्र बसून फराळ खातात. तेव्हा पहाटे पाचला आमच्याकडे दिवे दिसले तर काळजी करू नका. संध्याकाळी आम्ही दारात मातीच्या पणत्या लावतो.

या डब्यातला फराळ घरी केलेला आहे. तो आम्ही चहाबरोबर खातो. गोल चक्राची चकली आणि पिवळा चिवडा तिखट आहेत. लाडू आणि अर्धचंद्राची करंजी गोड आहेत. यात गहू, दूध, शेंगदाणे, काजू आणि तीळ आहेत. झाकण घट्ट लावून ठेवल्यास आठवडाभर चांगला राहील.

सोमवारी संध्याकाळी सात ते आठ या वेळात आम्ही मागच्या अंगणात थोडे फटाके उडवू. आठनंतर आवाज होणार नाही. डबा तुम्ही ठेवून घेतलात तरी चालेल. आम्ही पहाटे का उठतो त्याची एक गोष्ट आहे. ऐकायची असेल तर आमच्या मुलाला विचारा, तो सांगेल."

शेवटचे वाक्य पुतणीचे, माझे नव्हे. चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही ही जी तिची उणीव, ती या वाक्याने थोडी भरून निघाली. हे वाक्य लिहिल्यामुळे मुलाला गोष्ट येणे भाग झाले. रविवारी संध्याकाळी त्याने फोनवर मला नरकासुराची गोष्ट दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा मध्येच थांबवून, "सत्यभामा पण युद्धाला गेली होती?" अशी खात्री करून घेतली. नंतर कळले की चार घरांपैकी एकाच घराने त्याला गोष्ट विचारली. एक डबा धुऊन रिकामा परत आला, बाकीचे आलेच नाहीत. चकली मात्र या वेळी सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ली.

मी महाविद्यालयात भाषांतर शिकवते तेव्हा विद्यार्थी नेहमी अवघड शब्दापाशी अडतात आणि सोप्या वाक्यावरून सहज पुढे जातात. या चिठ्ठीत उलटे झाले. फराळ, करंजी, उटणे हे अवघड शब्द एकेका वाक्यात सुटले. अडचण केली ती 'दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे' या सोप्या वाक्याने, कारण ते इतके तयार होते की त्यामागे आपले घर उरले आहे की नाही हे कोणी पाहिलेच नव्हते. या वर्षी मी वर्गात हाच पाठ दिला आहे: सुरतेतल्या गुजराती शेजाऱ्यासाठी आपल्या फराळाच्या ताटाबरोबर गुजरातीत एक चिठ्ठी लिहा. अट एकच. आधी घरात विचारून यायचे, की आपल्याकडे त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत नेमके काय करतात.